ग्राउंडवर काय प्यावं? स्पोर्ट्स ड्रिंक, ओआरएस आणि घरचं सरबत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली उन्हाळ्यात पहाटे ग्राउंडवर उतरतात. दोन-तीन राउंड, स्प्रिंट, थोडी गोळाफेक, स्ट्रेचिंग, असा सगळा मिळून पाऊण तासाचा कार्यक्रम असतो. कुणाच्या बॅगेत निळ्या-केशरी पेयाची बाटली असते, कुणाच्या खिशात ओआरएसचं पाकीट, तर कुणी घरून साखर-मीठ-पाणी आणलेलं असतं. खालचे प्रश्न या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे आहेत. सकाळी चालायला जाणाऱ्यांना, संध्याकाळी बॅडमिंटन खेळणाऱ्यांना आणि जिमवाल्यांनाही उत्तरं तीच लागू पडतात, कारण इथे मुद्दा एक तासाच्या आतल्या व्यायामाचा आहे.

पाऊण तासाच्या प्रॅक्टिसला स्पोर्ट्स ड्रिंक लागतं का?

नाही. जेवणखाण नीट असलेल्या निरोगी माणसाला तेवढ्या वेळात पाणी पुरतं.

ही पेयं जन्माला आली ती वेगळ्या कामासाठी. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड या डॉक्टरांनी तिथल्या फुटबॉल संघासाठी पहिलं गाजलेलं स्पोर्ट्स ड्रिंक बनवलं. ते खेळाडू दमट उकाड्यात, अंगावर जाड पॅड बांधून तासन्‌तास खेळत. अशा ठिकाणी घामाबरोबर स्नायूंतला साखरेचा साठाही उतरणीला लागतो, म्हणून पेयात पाणी, साखर आणि मीठ तिन्ही घातलं गेलं. भरतीतल्या १६०० मीटर किंवा ८०० मीटर धावेच्या तयारीत शरीरावर तो प्रसंग येतच नाही.

पण घाम तर धो धो येतो. किती जातं ते कसं कळणार?

वजनकाट्यावर. हा हिशेब एकदा तरी स्वतःचा करून बघावा, म्हणजे कुणाच्या जाहिरातीवर किंवा कुणाच्या सल्ल्यावर विसंबून राहावं लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. मे महिना, सकाळचे साडेसहा, ५० मिनिटांची प्रॅक्टिस. मुलाचं वजन ग्राउंडवर जाण्याआधी, लघवी करून आल्यावर, कमीत कमी कपड्यांत ६४.२ किलो भरलं. प्रॅक्टिस संपल्यावर अंग कोरडं पुसून, घामाने भिजलेले कपडे काढून पुन्हा केलं तर ६३.५ किलो. मध्ये तो २५० मिली पाणी प्यायला होता. वजनातली ७०० ग्रॅमची घट म्हणजे साधारण ७०० मिली पाणी. त्यात प्यायलेलं २५० मिली मिळवलं की घाम झाला सुमारे ९५० मिली. ओला टी-शर्ट घालूनच काट्यावर उभे राहिलात तर घामाचं वजन त्यात मोजलं जातं आणि हिशेब चुकतो, तेवढं सांभाळा.

आता या आकड्याचा अर्थ. वजनाच्या मानाने घट झाली एक टक्क्याहून किंचित जास्त. घट दोन टक्क्यांच्या पुढे गेली की दमछाक लवकर होऊ लागते, उकाड्यात तर अधिकच. म्हणजे हा मुलगा त्या रेषेच्या बराच अलीकडे आहे, आणि तेही पाऊण लिटरभर पाणी उधार ठेवून. हे उधार पुढच्या तास-दोन तासांत सावकाश फेडता येतं.

आणि घामातून मीठ जातं त्याचं काय?

जातं, पण घाम रक्तापेक्षा खूप कमी खारट असतो. पाण्याच्या मानाने मीठ कमी जातं, म्हणून पाण्याची तूट आधी भासते. प्रत्येकाच्या घामाचा खारटपणा वेगळा असतो. मध्यम धरला तर वरच्या मुलाच्या घामातून साधारण दोन ग्रॅम मीठ गेलं असेल, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त.

आता बाटलीकडे बघा. अर्ध्या लिटरच्या नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये अर्धा-पाऊण ग्रॅम मिठाइतकाच सोडियम असतो. गेलेल्या मिठाचा पाव ते तिसरा हिस्साच त्यातून भरून निघतो. उलट घरी आल्यावर पोहे, दुपारी आमटी-भाकरी आणि बाजूला ठेचा किंवा लोणचं झालं की दोन ग्रॅम कधी भरून निघाले हे कळतही नाही. आपल्याकडे माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. पाऊण तासाच्या घामासाठी वरून मीठ पिण्याची गरज म्हणूनच फार थोड्यांना असते.

साखर नसेल तर दम कसा टिकणार?

साखर आधीच अंगात आहे. रात्रीचं जेवण नीट झालेल्या माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून चारशे-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते. तासाभराच्या मेहनतीला ती पुरून उरते. शिवाय बाटलीतली साखर पोटातून आतड्यात, तिथून रक्तात आणि मग स्नायूत पोचेपर्यंत तुमची प्रॅक्टिस संपत आलेली असते.

इथे एक गंमतशीर प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी सायकलपटूंना तासाभराच्या जोरदार शर्यतीत कर्बोदकाचा, गोड न लागणारा द्रव फक्त चुळ भरायला दिला आणि थुंकायला लावला. थेंबही पोटात गेला नाही, तरी वेळ तीन टक्क्यांच्या आसपास सुधारली. त्याच गटाने दुसऱ्या प्रयोगात साखर थेट शिरेतून दिली, तेव्हा मात्र काही फरक पडला नाही. थोडक्यात, एवढ्या वेळात साखरेचा जो काही फायदा दिसतो तो इंधनाचा नसून तोंडातून मेंदूला मिळणाऱ्या इशाऱ्याचा आहे. आणि तोही तासभर जीव तोडून सायकल मारणाऱ्यांत दिसला. पाच-सहा मिनिटांत संपणाऱ्या १६०० मीटरला त्याचा आधार घेऊ नये.

वजन कमी करायला चालायला जातो. नंतर एक बाटली प्यायली तर?

अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर, म्हणजे सहा-सात चमचे. त्यातून १२० कॅलरी मिळतात. पाऊण तास झपाझप चालून जेवढं जळतं त्यातला मोठा भाग तिथेच परत आला. नियमित तेच करायचं असेल तर चालण्याचे कष्ट वजनासाठी तरी वाया जातात.

ओआरएस तर दवाखान्यात देतात. मग ग्राउंडवर का नको?

कारण ते जुलाबाचं औषध आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपत चाललं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठाचं पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. आतड्याच्या भिंतीत एक वाट अशी आहे की तिथून साखर आणि सोडियम जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. जुलाबातही ही वाट बहुधा शाबूत राहते, म्हणून ओआरएस चालतं.

जुलाबात शरीरातून जे जातं ते घामापेक्षा बरंच खारट असतं, पोटॅशियमही जास्त जातं, आणि माणूस खातपीत नसतो. त्या हिशेबाने लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असं सूत्र २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलं आहे. यातला सोडियम स्पोर्ट्स ड्रिंकच्या तीन-चार पट असतो. पाऊण तास धावून घरी जाऊन पोहे खाणाऱ्याला त्याची काही गरज नाही. एखाद्या दिवशी प्यायलात तर निरोगी माणसाचं काही बिघडत नाही, पण रोजची सवय नको.

घरचं साखर-मीठ-पाणी म्हणजे ओआरएसच ना?

जवळचं आहे, तंतोतंत नाही. घरच्या पाण्याचं माहीत असलेलं माप म्हणजे एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. त्यात पाकिटातल्यासारखं पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं. आणि माप चुकण्याची शक्यता मोठी, कारण ‘चमचा’ म्हटलं की कुणी शिगोशीग भरतं, कुणी पोह्याचा चमचा घेतं. अर्ध्या सपाट चमच्याऐवजी एक शिगोशीग पडला की मीठ तिप्पट होऊ शकतं. लहान मुलाला जुलाब होत असताना ही चूक महागात पडते, तिथे पाकीटच वापरावं.

मग ग्राउंडसाठी घरी करायचंच झालं तर काय करावं?

ज्यांच्या घशाखाली कोमट-बेचव पाणी उतरत नाही त्यांच्यासाठी हलकं लिंबू सरबत उत्तम. चव लागली की माणूस आपोआप थोडं जास्त पितो, फायदा मुख्यतः एवढाच आहे.

एक लिटर पाणी घ्या. त्यात साखर चार ते पाच सपाट चहाचे चमचे आणि मीठ पाव सपाट चमचा. वरून एका लिंबाचा रस, आवडत असेल तर चिमूटभर जिरेपूड. मीठ या मापात साधारण दीड ग्रॅम बसतं, म्हणजे स्पोर्ट्स ड्रिंकच्या जवळपास किंवा किंचित जास्त. साखर मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. बाटलीतल्या पेयाइतकी गोडी घरी आणायची तर लिटरला बारा-पंधरा चमचे साखर ओतावी लागेल, आणि ती ओतताना हात थबकतो. विकतच्या बाटलीत ती दिसत नाही, एवढाच फरक.

आधी साखर आणि मीठ थोड्या पाण्यात पूर्ण विरघळू द्या, मग बाकीचं पाणी घाला. घाईत बाटली भरली की मीठ तळाशी राहतं आणि शेवटचे घोट तोंड वाकडं करणारे निघतात. सरबत त्याच दिवशी संपवा, उरलेलं ओतून द्या. बाटली रोज घासून उपडी वाळवायची. गोड पाण्याची बाटली नुसती विसळून दुसऱ्या दिवशी भरली की झाकणाच्या आट्यांत बुळबुळीत थर धरतो आणि आंबूस वास येतो. पोट बिघडल्यावर दोष सरबताला दिला जातो, खरा चोर ते झाकण असतं.

मीठ जास्त पडलं हे कसं ओळखायचं?

चाखून. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागत असेल तर ते ओतून द्या. त्यात आणखी साखर घालून चव झाकू नका, त्याने ते अजून घट्ट होतं आणि आतडं उलट अंगातलं पाणी स्वतःकडे ओढतं. लक्षणं म्हणजे प्यायल्यावर तहान वाढणं, मळमळ, पोटात गुडगुड आणि कधी पातळ शौच. साखर फार झाली तरी पोट असंच तक्रार करतं, म्हणून धावण्याच्या मध्ये फळांचा रस पिणाऱ्यांना पोटात कळ येते.

ओआरएसचं पाकीट बाटलीत थोडं थोडं टाकलं तर चालेल?

नाही. पाकिटं दोन आकारांत मिळतात, मोठं एक लिटरसाठी आणि छोटं २०० मिलीसाठी. किती पाण्यासाठी ते पाकिटावर लिहिलेलं असतं. लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात घोळून पिणं ही ग्राउंडवर सर्रास दिसणारी चूक आहे, आणि ते पाणी पाचपट तीव्र होतं. अर्धं पाकीट अंदाजाने टाकणंही बरं नाही, कारण पुडीतले वेगवेगळे क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. अख्खं पाकीट, सांगितलेलं पाणी, आणि तयार झालेलं २४ तासांत संपवायचं किंवा टाकून द्यायचं.

दुकानात ‘ओआरएस’ नावाची फळांच्या चवीची गोड पाकिटं मिळायची. ती काय होती?

त्यांतल्या बहुतेकांत जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रापेक्षा कितीतरी जास्त साखर असे. जुलाब झालेल्या बाळाला ओआरएस समजून तेच पाजलं जाई, आणि त्याने जुलाब वाढत. डॉक्टरांनी यावर बरीच वर्षं आवाज उठवल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. नाव काहीही असो, मागची बारीक अक्षरं वाचा. १०० मिलीमागे साखर दोन ग्रॅमच्या वर दिसली की ते औषध नव्हे, सरबत.

ताक, कोकम, नारळपाणी, उसाचा रस?

प्रॅक्टिस झाल्यावर मीठ घातलेलं पातळ ताक माझं सगळ्यात आवडतं उत्तर आहे. पाणी, थोडं मीठ, थोडी प्रथिनं आणि साखर जवळपास नाही. धावताना मध्ये मात्र नको, आंबट ढेकर येतात. कोकम सरबत घरचं आणि कमी गोड असेल तर लिंबू सरबताच्या पंगतीला बसतं. विकतचं कोकम सिरप बहुधा साखरेचा पाकच असतो. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्यामानाने कमी, घामाच्या अगदी उलट, तरी चवीसाठी आणि तहानेसाठी छानच आहे. उसाचा रस हा खाऊ समजून प्यावा.

पोटरीत गोळा येतो. मीठ कमी पडतंय का?

बहुतेक वेळा नाही. पाऊण तासाच्या आत येणारा गोळा हा थकलेल्या, अचानक जास्त ताणलेल्या स्नायूचा असतो. नवीन स्पाइक्स घेतले, एकदम स्प्रिंट वाढवले, वॉर्मअप टाळला की पोटरी धरते. थांबून पावलाची बोटं हळूहळू स्वतःकडे ओढा, ताण दिला की गोळा सुटतो. मीठ खाऊन इतक्या पटकन फरक पडणं शक्य नसतं.

अंगावर आणि टी-शर्टवर पांढरे खारे डाग उमटतात, घाम डोळ्यांत झोंबतो आणि गोळे दिवसाच्या शेवटी अनेक ठिकाणी येतात, असं असेल तर तुम्ही खारट घामाचे आहात. अशांनी त्या दिवसांत जेवणात ताक-लोणचं ठेवावं, किंवा वरचं लिंबू सरबत घ्यावं.

कधी किती प्यायचं?

पाणी प्यायला म्हणून ग्राउंडवर जाण्याच्या दोन तास आधी उठणं कुणाला जमत नाही, हे मान्य. म्हणून आदल्या संध्याकाळी नीट पाणी प्या आणि सकाळी उठल्यावर एक ग्लास. लघवी फिकट पिवळी असेल तर सुरुवात चांगली आहे. प्रॅक्टिसमध्ये तहान लागेल तसे दोन-चार घोट. १६०० मीटरच्या आधीच्या पंधरा मिनिटांत ढसाढसा पिऊ नका, पोटात पाणी डचमळतं आणि बरगडीखाली कळ येते. नंतर वजनातली तूट भरायची. वरच्या मुलाला ७०० ग्रॅमसाठी पुढच्या दोन तासांत साधारण एक लिटर, कारण प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जातंच.

तहान नसताना लिटर-लिटर ढोसणंही धोक्याचं आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेला आढळला, आणि त्यामागचं मोठं कारण होतं जास्त पिणं. प्रॅक्टिसनंतर वजन आधीपेक्षा वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

एनर्जी ड्रिंक आणि स्पोर्ट्स ड्रिंक एकच का?

नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये कॅफीन असतं आणि साखरही दणकून. भारतात त्याच्या डब्यावर लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठी योग्य नसल्याची सूचना छापावी लागते. दोन्ही बाटल्या एकाच फ्रिजमध्ये शेजारी असतात म्हणून गल्लत होते.

मधुमेह, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर?

पाणी प्या. बीपीवाल्यांनी मीठ घातलेलं काहीही रोजचं करू नये. किडनीच्या रुग्णांनी ओआरएस आणि नारळपाणी दोन्ही, त्यातल्या पोटॅशियममुळे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. व्यायामात साखर उतरून हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला तर तेव्हा साखरच लागते. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, ती तहानेसाठी नव्हे.

एका तासाच्या आतही पाणी पुरत नाही असं कधी होतं?

होतं. सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन प्रॅक्टिस असतील आणि मध्ये जेवण धड झालेलं नसेल तेव्हा. कडक उपास असेल तेव्हा. गावाकडून थंड हवेतून येऊन पहिल्याच आठवड्यात दमट मुंबईत धावायचं असेल तेव्हा. या दिवसांत घरचं सरबत कामाचं. आदल्या दिवशी जुलाब-उलट्या झाल्या असतील तर मात्र ओआरएस प्यायचं आणि घरी राहायचं, ग्राउंडवर जायचंच नाही.

उन्हात कुणी कोसळलं तर आधी काय पाजायचं?

शुद्ध हरपत असेल, असंबद्ध बडबडत असेल, पाय लटपटत असतील तर काहीही पाजू नका, घसा चुकून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. हा उष्माघात असू शकतो आणि त्यावर कुठलंच पेय इलाज नाही. १०८ ला फोन करा आणि अँब्युलन्सची वाट बघत बसण्याऐवजी लगेच सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत ठेवा. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या धावेत काही उमेदवारांचे जीव गेले होते. ग्राउंडवर पाण्याने भरलेल्या दोन बादल्या आणि ओतायला एक मग ठेवा.